शेवटचं कधी पाहिलंत?

पाऊस लागला की माझ्या फोनवर एक वाक्य ठरल्यासारखं यायला लागतं. "डॉक्टर, कुत्र्यानं उंदराचं औषध खाल्लंय, काय करू?" बिळांत पाणी शिरतं, उंदीर-घुशी घरात येतात, घरोघरी फ्रिजमागं, माळ्यावर, जिन्याखाली औषध ठेवलं जातं. ज्या वासानं उंदीर यावा म्हणून ते केलेलं असतं, त्याच वासानं कुत्राही येतो. त्यात धान्य असतं, तेल असतं, कधी गोडी असते. लॅब्रॅडोर असेल तर विचारायलाच नको.

या वाक्यावर मी पहिला प्रश्न विचारतो तो पाकिटाचा. लोकांना ते विचित्र वाटतं. कुत्रा मरेल की वाचेल या धसक्यात माणूस असतो आणि हा डॉक्टर पाकीट मागतोय! पण "उंदराचं औषध" हा आपल्या तोंडी बसलेला एकच शब्द झाला. दुकानाच्या फळीवर त्या नावाखाली निरनिराळी विषं असतात, आणि आमच्याकडं सर्वात जास्त येणाऱ्या दोन विषांची कुळीच वेगळी आहे. एक पोटात गेल्यावर तासाभरात जीव घेऊ शकतं. दुसरं चार दिवस काहीच करत नाही, कुत्रा खेळतो, जेवतो, शेपटी हलवतो, आणि पाचव्या दिवशी आतल्या आत रक्त वाहून कोसळतो. एकावर उतारा आहे, दुसऱ्यावर नाही. एकाचं औषध तुपाबरोबर दिलेलं चांगलं, दुसऱ्यात पोटात अन्न गेलेलंच वाईट. नाव कळेपर्यंत मी अंधारात असतो.

गेल्या आषाढातला ब्रूनो सांगतो, कारण त्याच्या घरच्या ताईंनी फोन फार चांगला केला. त्या तेव्हा अर्ध्या रडत होत्या, तरीही. ब्रूनो चार वर्षांचा लॅब्रॅडोर. ताई ऑफिसातून घरी आल्या, तर फ्रिज थोडा सरकलेला आणि ब्रूनोच्या ओठांना निळा रंग. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, लॅब आहे, चोवीस किलो. औषधाचं नाव ब्रोमॅडिओलोन, खाली शून्य पॉइंट शून्य शून्य पाच टक्के लिहिलंय. चार वड्या ठेवल्या होत्या, दीड उरलीय. पाच वाजता मावशींनी फरशी पुसली तेव्हा चारही होत्या, आता सात वीस झालेत. उलटी नाही, नेहमीसारखा आहे. दुसरं कुठलं औषध चालू नाही. पंचवीस मिनिटांत पोचते."

एवढं बोलायला अर्धा मिनिटही लागला नसेल. या प्रत्येक तुकड्याचं मी काय केलं ते सांगतो, म्हणजे आम्ही हेच का विचारतो ते कळेल.

नाव आणि टक्का दोन्ही लागतात. नावावरून विषाची जात कळते, टक्क्यावरून मात्रा. शून्य पॉइंट शून्य शून्य पाच टक्के म्हणजे शंभर ग्रॅम वडीत 5 मिलिग्रॅम विष. ब्रूनोच्या घरची एक वडी 20 ग्रॅमची होती, म्हणजे एका वडीत 1 मिलिग्रॅम. अडीच वड्या गेल्या, म्हणजे अडीच मिलिग्रॅम. त्याला 24 किलोंनी भागलं की किलोमागं साधारण एक दशांश मिलिग्रॅम येतं. याच अडीच वड्या शेजारच्या तीन किलोच्या पॉमेरेनियननं खाल्ल्या असत्या तर किलोमागं हीच मात्रा आठपट झाली असती. म्हणून वजन. घरात नक्की माहीत नसेल तर कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभं राहायचं, मग एकट्यानं उभं राहायचं आणि वजाबाकी करायची. तेही जमत नसेल तर जात आणि वय सांगा, आम्ही अंदाज बांधतो.

किती खाल्लं यापेक्षा किती उरलं हे सांगणं सोपं आणि खरं असतं. "थोडंसंच खाल्लं असेल" हे वाक्य मी कधीच लिहून घेत नाही. ते प्रेमापोटी येतं, मोजून येत नाही. किती ठेवलं होतं आणि आता किती आहे, एवढं सांगा. हिशेब लागत नसेल तर गेलेलं सगळं कुत्र्याच्या पोटात आहे असं धरायचं. घरात दोन कुत्रे असतील आणि कुणी खाल्लं ते दिसलं नसेल, तर दोघांनीही सगळं खाल्लं असं धरून दोघांनाही आणायचं. यात आमची चूक झाली तरी ती सुरक्षित बाजूची असते.

आणि वेळ. इथं बहुतेकांची गल्लत होते. "कधी खाल्लं?" असं विचारलं की लोक स्वतःला कळलं ती वेळ सांगतात. ताईंना कळलं सात वीसला. पण मला हवी होती शेवटची अशी वेळ, जेव्हा वड्या जागेवर सगळ्या दिसल्या होत्या. म्हणून मी नेहमी विचारतो, "शेवटचं कधी पाहिलंत?" पाच आणि सात वीस यांच्यामध्ये कधीतरी ब्रूनोनं त्या खाल्ल्या होत्या. म्हणजे वाईटात वाईट धरलं तरी दवाखान्यात पोचेपर्यंत पावणेतीन तास. उलटी करवून विष बाहेर काढायचं तर पहिले दोन तास उत्तम. धान्याच्या अशा वड्या पोटात जरा रेंगाळतात, त्यामुळं चार तासांपर्यंतही प्रयत्न करण्यात अर्थ असतो. त्यानंतर विष आतड्यात उतरलेलं असतं आणि उलटीनं कुत्रा फक्त दमतो.

पावणेआठला ब्रूनो टेबलावर होता. उलटीचं इंजेक्शन दिलं. पाचेक मिनिटांत तो लाळ गाळायला लागला, मान खाली घातली, आणि दुपारच्या भाताबरोबर निळा चुरा बाहेर आला. दोनदा, तीनदा. आम्ही तो वर्तमानपत्रावर पसरून पाहिला. पाहायला बरं वाटत नाही, पण आत काय गेलं होतं आणि किती बाहेर आलं याचा तो एकमेव पुरावा. वडीचे बरेचसे तुकडे ओळखू येत होते. मग औषधी कोळशाचं काळं पाणी पाजलं, जे आतड्यात उरलेलं विष धरून ठेवतं आणि शीतून बाहेर नेतं. ताईंनी विचारलं, "झालं ना मग?" मी म्हटलं, अर्धं झालं. उरलेलं अर्धं समजायला रक्त कसं गोठतं ते थोडं पाहावं लागेल.

बोट कापलं की रक्त दोन-चार मिनिटांत थांबतं, कारण यकृत रक्त गोठवणारे काही घटक सतत बनवत असतं. त्यातले चार घटक कामाचे व्हायला व्हिटॅमिन के लागतं. एकदा वापरलेलं व्हिटॅमिन के शरीर फेकून देत नाही. त्याला पुन्हा ताजं करून वापरतं, आपण रिकामं सिलिंडर भरून आणतो तसं. ब्रोमॅडिओलोन हे ताजं करण्याचं कामच बंद पाडतं. रक्तात आधी बनलेले घटक असतात, त्यामुळं पहिल्या दिवशी काहीही दिसत नाही. जो घटक सर्वात लवकर संपतो तो काही तासांतच निम्मा होतो. दीड ते तीन दिवसांत रक्ताच्या तपासणीत फरक दिसू लागतो. आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास बाकीचा साठाही संपत येतो, तेव्हा कुत्रा आजारी दिसतो. हे मधले दिवस फसवे असतात. घरातल्यांना वाटतं, कमी खाल्लं असणार, पचवलं त्यानं.

हे विष सापडलं तेही गुरांमुळं. अमेरिकेत आणि कॅनडात 1920च्या दशकात बुरशी लागलेलं स्वीट क्लोव्हरचं गवत खाऊन गाई-बैल रक्त वाहून मरायचे. शिंग छाटल्यासारख्या छोट्या जखमेनंही जनावर दगावायचं. 1933च्या थंडीत विस्कॉन्सिनचा एक शेतकरी न गोठणाऱ्या रक्तानं भरलेला कॅन घेऊन कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत आला. लिंकच्या गटानं त्या गवतातला दोषी पदार्थ वेगळा काढला, आणि त्याच्याच नात्यातलं वॉरफरिन 1948मध्ये उंदीर मारायला बाजारात आलं. पुढं उंदीर वॉरफरिनला सरावले. मग त्याहून चिवट, यकृतात आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकणारी दुसरी पिढी आली. ब्रोमॅडिओलोन त्या पिढीतलं आहे.

तो मुक्काम लक्षात न घेतल्यानं एक कुत्रा माझ्या हातून जाता जाता राहिला. बाजारपेठेतल्या एका दुकानदाराचा तो कुत्रा, नाव राजा. अशाच वड्या खाऊन तो दुसऱ्या दिवशी आला, तेव्हा उलटीची वेळ टळून गेली होती. व्हिटॅमिन के-वनच्या गोळ्या सुरू केल्या, चार आठवड्यांसाठी. राजा ठणठणीत होता. गोळ्या महाग, कुत्रा धडधाकट, म्हणून दहाव्या दिवशी घरच्यांनी त्या बंद केल्या. मीही पहिल्याच दिवशी "चार आठवडे" एवढंच म्हणून मोकळा झालो होतो. का, ते नीट बसून सांगितलं नव्हतं. चौदाव्या दिवशी राजा पुढचा पाय उचलून चालायला लागला. पडला असेल म्हणून त्यांनी हळद-तुरटीचा लेप लावला. पंधराव्या दिवशी खोकला, सोळाव्या दिवशी तोंड उघडून श्वास. आणला तेव्हा हिरड्या पांढऱ्याफटक होत्या. पायाच्या सांध्यात रक्त साचलं होतं आणि छातीतही. दुसऱ्या एका सुदृढ कुत्र्याचं रक्त चढवलं म्हणून तो वाचला. त्या दिवसापासून मी गोळ्यांच्या कागदावर शेवटच्या गोळीची तारीख लिहितो, आणि त्याखाली रक्त तपासायची तारीख.

लोक रक्त बाहेर शोधतात. नाकातून आलं का, लघवीत आलं का. कधी येतंही. पण बऱ्याच कुत्र्यांत ते छातीत, पोटात, सांध्यात साचतं, बाहेर एक थेंब दिसत नाही. दिसतो तो मलूलपणा, खोकला, दम, लंगडणं, डांबरासारखी काळी शी, कातडीखाली अचानक आलेली सूज. ओठ वर करून हिरडी पाहा. निरोगी हिरडी गुलाबी असते, बोटानं दाबून सोडली की दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होते. रंग फिका आणि परत यायला वेळ लागत असेल तर सकाळची वाट पाहू नका.

ब्रूनोचं वेळेत झालं होतं, त्यामुळं आम्हाला रक्त तपासून ठरवायला सवड होती. विष खाल्ल्यावर 48 तासांनी एकदा आणि 72 तासांनी एकदा पीटी नावाची तपासणी करतात. रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते त्यात मोजतात. तोपर्यंत के-वन द्यायचं नाही, दिलं तर तपासणी खोटी बरी दिसते. तालुक्याच्या गावी ही तपासणी माणसांच्या लॅबमध्येच होते आणि तिथं एक खोच आहे. कुत्र्याचं रक्त माणसापेक्षा लवकर गोठतं. माणसाला ज्या यंत्रावर बारा सेकंद ठीक म्हणतात, त्यावर निरोगी कुत्रा सात ते दहा सेकंदांत गोठतो. म्हणजे लॅबनं "बारा, नॉर्मल" असा छापील कागद दिला तरी त्या कुत्र्यासाठी ते वाढलेलं असू शकतं. म्हणून मी शेजारच्या एखाद्या निरोगी कुत्र्याचं रक्तही त्याच वेळी निळ्या टोपीच्या नळीत पाठवतो आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघतो. ब्रूनोचा आणि त्याच्या जोडीला पाठवलेल्या गल्लीतल्या काळूचा आकडा दोन्ही वेळा जवळजवळ सारखा आला. ब्रूनोला एकही गोळी द्यावी लागली नाही.

गोळ्या लागल्याच तर के-वनच लागतात, हे पुन्हा सांगतो. औषधाच्या दुकानात कधीकधी "व्हिटॅमिन के हेच आहे" म्हणून के-थ्री हातात पडतं. या विषावर त्याचा उपयोग होत नाही. चिठ्ठीवर फायटोमेनाडायोन किंवा फायटोनाडायोन लिहिलेलं असेल तर तेच नाव गोळीवर वाचून घ्या. गोळी तूप-भाताबरोबर द्या, चरबीबरोबर ती जास्त शोषली जाते. शेवटच्या गोळीनंतर दोन-तीन दिवसांनी पुन्हा पीटी करायची असते. ती टाळलेले कुत्रे राजासारखे परत येतात.

आता दुसरं विष. खेड्यात याला काळी पुडी म्हणतात. राखाडी-काळी बारीक पूड, झिंक फॉस्फाइड. पुडीवर बहुतेकदा 80 टक्के लिहिलेलं असतं. भरड धान्यात किंवा पिठात तेल घालून ही पूड दोन टक्क्यांच्या आसपास मिसळतात आणि गोळे करून कणगीजवळ, बांधावर ठेवतात. हे विष रक्ताला हात लावत नाही. पोटातलं आम्ल लागलं की त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. तो फुफ्फुसं, हृदय, यकृत सगळ्यांना जाळत जातो. लक्षणं पंधरा मिनिटांत दिसू शकतात, बहुधा चार तासांच्या आत. कुत्र्याला किलोमागं 20 ते 40 मिलिग्रॅमच्या आसपास मात्रा जीवघेणी ठरते. बारा किलोच्या गावरान कुत्र्यासाठी दोन टक्क्यांच्या मिश्रणाचा हिशेब केला तर 12 ते 24 ग्रॅम गोळा. म्हणजे एखादं भजं. शुद्ध पूड असेल तर चिमूटभर.

मोती अशा गोळ्यांनीच गेला. रात्री कणगीपाशी बाजरीच्या पिठाचे गोळे ठेवले होते, पहाटे दार उघडं राहिलं. सकाळी साडेसहाला मालकाचा फोन आला, तेव्हा त्यांनी एक तांब्या दूध पाजून झालं होतं. विष उतरायला दूध द्यावं, असं आपल्याकडं सगळेच म्हणतात. पण पोटात काही गेलं की आम्ल सुटतं, आणि आम्ल सुटलं की वायू जास्त तयार होतो. दुधानं मोती गेला असं मी म्हणणार नाही, मात्रा मुळातच मोठी होती. पण काय खाल्लंय ते ठरत नाही तोवर दूध, तूप, अंडं, पोळी यातलं काहीच देऊ नका, असं मी त्या सकाळपासून फोनवर सर्वात आधी सांगतो.

त्याला काचा बंद केलेल्या गाडीतून आणलं, पाऊस होता म्हणून. वाटेत तो दोनदा ओकला. दार उघडलं तेव्हा आतून लसणासारखा, कुजलेल्या मासळीसारखा वास आला. गाडी चालवणाऱ्या मुलाचं डोकं गरगरत होतं आणि त्याला मळमळत होतं. ओकारीतून तोच वायू बाहेर पडत होता. मुलाला मोकळ्या हवेत बसवलं आणि सरकारी दवाखान्यात दाखवायला पाठवलं, तो बरा झाला. मोतीचं पोट फुगलं होतं, हात लावला की तो कण्हत होता, ओकारीत रक्त होतं. आम्ही त्याला व्हरांड्यात, उघड्यावर घेतलं. आम्ल कमी करायला सोड्याच्या पाण्यानं पोट धुतलं, सलाइन, ऑक्सिजन, सगळं केलं. या विषावर उतारा नाही, शरीराला टेकू देत राहायचं एवढंच हातात असतं. दुपारी बाराच्या आधी तो गेला.

म्हणून काळ्या पुडीचा संशय असेल तर काचा खाली करून या, ओकारी वाकून हुंगू नका, लहान मुलांना गाडीत घेऊ नका. आणि फोनवरच "काळी पुडी, लसणाचा वास" एवढे शब्द कानावर घाला, म्हणजे आम्ही बाहेर तयार उभे राहतो.

पाकीटच नसेल तर? बऱ्याचदा नसतं. सोसायटीनं बोलावलेला पेस्ट कंट्रोलवाला औषध ठेवून गेलेला असतो, किंवा आठवडी बाजारातून सुटी पुडी आणलेली असते. रंगावर जाऊ नका. निळी, हिरवी, गुलाबी वडी कशाचीही असू शकते, रंग कंपनी ठरवते. पेस्ट कंट्रोलवाल्याला निघता निघता फोन करा, रासायनिक नाव विचारा आणि त्याला ते मेसेजवर लिहून पाठवायला सांगा. ऐकलेलं नाव घाबरलेल्या तोंडून वेगळंच बाहेर पडतं. उरलेली वडी, कुरतडलेला कागद, ओकारीतला तुकडा पिशवीत घालून आणा. पाकीट असेल तर दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा. पुढच्या बाजूला ब्रँडचं ठसठशीत नाव असतं, मला हवं ते बारीक अक्षरात मागं असतं.

घरी उलटी करवायची का, हा प्रश्न प्रत्येक फोनवर येतो. माझं उत्तर, आम्ही सांगितल्याशिवाय नाही. मिठाचं पाणी तर मुळीच नाही. उलटी झाली नाही तर ते मीठ रक्तात जातं आणि त्यानंच झटके येतात. हायड्रोजन पेरॉक्साइडचा सल्ला ऐकीव असतो. तो तीन टक्क्यांच्या द्रावणाचा, तोही वजनानुसार मोजून. आपल्या दुकानांत बऱ्याचदा सहा टक्क्यांचं मिळतं, त्यानं अन्ननलिका आणि जठर भाजतं. आणि काही विषं अशी आहेत की उलटीनंच जास्त घात होतो. संडास साफ करायचं आम्ल खाली जाताना जाळतं आणि वर येतानाही. रॉकेल, टर्पेंटाइन उलटीत फुफ्फुसात शिरतं. तिथं तोंड साध्या पाण्यानं धुवायचं, अंगावर सांडलं असेल तर अंग धुवायचं म्हणजे तो चाटणार नाही, आणि बाटली घेऊन निघायचं. कुत्रा झिंगलेला असेल, झटके येत असतील, तरीही उलटी नाही.

गोळ्यांचंही तसंच. माणसाची दुखण्यावरची गोळी कुत्र्यानं पाकिटासकट चावली, किंवा लंगडतोय म्हणून घरच्यांनीच दिली, तर ते लपवू नका. किती मिलिग्रॅमची गोळी, पट्टीत किती होत्या, किती उरल्या. वड्यांचा हिशेब तोच इथंही. लोक ओशाळतात आणि "काहीतरी खाल्लं असेल" म्हणतात. त्या एका वाक्यात दोन तास जातात. तुम्ही दिली म्हणून आम्ही रागावत नाही. आम्हाला आकडा हवा असतो.

विष खाऊन मेलेला उंदीर कुत्र्यानं खाल्ला, हेही विचारतात. रक्त पातळ करणाऱ्या विषाचा एखादा उंदीर मोठ्या कुत्र्याला सहसा बाधत नाही. छोटा कुत्रा असेल, रोजच उंदीर पकडत असेल, किंवा उंदीर काळ्या पुडीनं मेला असेल तर मात्र फोन करा. अशा उंदराच्या पोटात न विरघळलेली पूड असते.

ब्रूनोच्या घरी मी महिन्याभरानं गेलो होतो, काळूला लस द्यायला. फ्रिजमागच्या वड्या गेल्या होत्या, तिथं आता पिंजरा होता. पण मागच्या जिन्याच्या दाराशी सोसायटीचं औषध अजून होतं, पत्र्याच्या कुलूपबंद डबीत, जिच्या भोकातून फक्त उंदीर जाऊ शकतो. ताईंनी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या आतल्या बाजूला पाकिटाचा कापलेला मागचा भाग चिकटवला होता. त्याच्या खाली पेननं लिहिलं होतं: ठेवल्या 6, तारीख, ब्रूनो 24 किलो, डॉक्टरांचा नंबर. त्याखाली फरशी पुसणाऱ्या मावशींच्या अक्षरात रोजच्या तारखा होत्या, आणि प्रत्येक तारखेपुढं सहाचा आकडा.